हेडसेट काढल्यानंतरचा तास

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. मी लहान मुलांचे डोळे तपासते, त्यातही तिरळेपणाचं काम जास्त. अमेरिकेतल्या मामाने ओवाळणी म्हणून व्हीआर हेडसेट आणला होता. पहिल्याच दिवशी तिने तो सलग अडीच तास डोळ्यांवरून काढला नाही. आधी रोलर कोस्टर, मग पक्ष्यासारखं शहरावरून उडण्याचा खेळ, मग पुन्हा रोलर कोस्टर. आजीने जेवायला हाक मारली म्हणून ती वरच्या खोलीतून खाली निघाली, तर जिन्याची शेवटची पायरी तिला कळलीच नाही आणि ती गुडघ्यावर आपटली. रात्री घास घशाखाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळ ठणकत होतं, आणि गॅलरीत उभी राहून ती आईला म्हणाली, "समोरच्यांचे आकाशकंदील दोन-दोन दिसतायत मला." दुपारपर्यंत ते थांबलं. आईच्या मनातली भीती मात्र गेली नाही.

"डॉक्टर, तो पडदा डोळ्यांपासून दोन बोटांवर असतो हो. डोळ्यांना कायमचं काही झालं का तिच्या?"

हा प्रश्न आता मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. या मुलीच्या तपासणीत जे सापडलं त्यात बहुतेक उत्तरं आहेत, म्हणून तिचीच गोष्ट धरून पुढे जाते.

आधी त्या दोन बोटांबद्दल. हेडसेटमधला पडदा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, हे खरं. पण पडदा आणि डोळा यांच्यामध्ये जाड भिंग असतं, आणि ते भिंग चित्र लांब नेऊन ठेवतं. बहुतेक हेडसेटमध्ये डोळ्याला ते चित्र साधारण सव्वा ते दोन मीटरवर असल्यासारखं दिसतं. म्हणजे नजर स्वच्छ करण्यासाठी डोळ्याच्या आतल्या स्नायूला जो जोर लावावा लागतो, तो खोलीच्या पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचताना लागतो तेवढाच. मूल जेव्हा मोबाइल वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरतं, तेव्हा हाच जोर पाच-सहा पट लागतो. पडदा जवळ म्हणून डोळे खराब, हे गणित हेडसेटला लागू होत नाही. अडचण आहे, पण ती दुसरीकडे आहे.

ती समजायला हा प्रयोग करून बघा. स्वतःचं बोट हातभर लांब धरा आणि त्याकडे बघत सावकाश नाकाकडे आणा. दोन गोष्टी एकदम घडतात: दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातलं नैसर्गिक भिंग फुगून नजर जवळ जुळवतं. तान्हेपणापासून या दोन क्रिया जोडीने चालतात. एक हलली की दुसरी हलते, मेंदूला वेगळा विचार करावा लागत नाही. हेडसेटमध्ये ही जोडी तुटते. खेळातला चेंडू लांबून तोंडाजवळ आला की डोळे आत वळतात, पण नजर मात्र त्या सव्वा-दीड मीटरवरच जुळलेली ठेवावी लागते, कारण खरा प्रकाश तिथूनच येत असल्यासारखा आहे. आत वळा, पण नजर जवळ जुळवू नका, असा उलटसुलट हुकूम डोळ्यांना मिनिटाला कितीतरी वेळा मिळतो. थोडा वेळ मेंदू हे निभावून नेतो. जास्त वेळ झाला की कपाळ दुखणं, डोळ्यांमागे ओढ बसणं आणि हेडसेट काढल्यावर काही मिनिटं लांबचं धूसर किंवा दोन दिसणं सुरू होतं. वस्तू जितकी तोंडाजवळ, तितका हा ताण अधिक. म्हणून हातातली चिठ्ठी डोळ्यांसमोर धरून वाचायला लावणारे खेळ लांबच्या डोंगरांवरून उडणाऱ्या खेळांपेक्षा डोळ्यांना जड जातात. खेळातली एखादी वस्तू बराच वेळ अर्ध्या मीटरच्या आत राहत असेल, तर तो खेळ लहान मुलासाठी नको.

ही गोष्ट नवी नाही. १९९३ साली मार्क मॉन-विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळचा हेडसेट वीस तरुणांना फक्त दहा मिनिटं लावला, आणि तेवढ्यानेही दोन डोळ्यांच्या जुळणीत तात्पुरता बदल झालेला त्यांना दिसला. ती यंत्रं आताच्या मानाने फार ओबडधोबड होती. पण नजर जुळवणं आणि डोळे वळणं यांतली फारकत आजच्या चांगल्या हेडसेटमध्येही तशीच आहे, कारण चित्र ठेवायला जागा एकच आहे.

आता त्या मुलीकडे वळू. मी पहिल्यांदा पट्टी घेतली आणि तिच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. ते ५३ मिलिमीटर भरलं. मोठ्या माणसांत हे अंतर सरासरी ६३च्या आसपास असतं. हेडसेटमधली दोन भिंगं या अंतरानुसार जवळ-लांब करता येतात, पण मामाने स्वतःसाठी लावलेली जागा कुणी बदललीच नव्हती. ती होती ६३. म्हणजे मुलीचे दोन्ही डोळे भिंगाच्या मधोमध न राहता पाच-पाच मिलिमीटर नाकाकडे सरकलेले होते. भिंगाच्या कडेला चित्र फिकट आणि वाकडं दिसतं. शिवाय यंत्राने उजव्या-डाव्या डोळ्यासाठी जी दोन चित्रं काढली ती ६३ मिलिमीटरच्या डोळ्यांसाठी होती, त्यामुळे अंतराचा अंदाजही चुकत राहिला. तिने अडीच तास हे सहन केलं आणि एकदाही तक्रार केली नाही. मुलं करत नाहीत, कारण नीट दिसतं म्हणजे कसं दिसतं हे त्यांना अजून ठाऊक नसतं.

बरेच पालक हेडसेट देतात आणि हे बघायचंच राहून जातं. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस या हेडसेटमध्ये भिंगांच्या तीनच जागा आहेत: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून अंतर बदलतं आणि ते ५३ ते ७५पर्यंतच्या डोळ्यांना चालेल असं कंपनी सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचं अंतर बहुतेक वेळा ५२ ते ५७च्या दरम्यान येतं, म्हणजे तीन जागांच्या हेडसेटमध्ये सर्वांत आतली जागासुद्धा त्यांना रुंद पडते. हेडसेट मुलाच्या चेहऱ्याला बसतच नाही, हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे न जाता घरीच कळू शकतं.

मोजायचं असं: मिलिमीटरची पट्टी घ्या, मुलासमोर हातभर अंतरावर, त्याच्याच उंचीवर बसा. तुमचा उजवा डोळा मिटा आणि मुलाला तुमच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगा. मुलाच्या उजव्या डोळ्याच्या काळ्या भागाची बाहेरची, म्हणजे कानाकडची कडा जिथे आहे तिथे पट्टीचं शून्य लावा. पट्टी जराही न हलवता आता तुमचा डावा डोळा मिटून उजवा उघडा आणि मुलाला त्याकडे बघायला सांगा. मुलाच्या डाव्या डोळ्याच्या काळ्या भागाची आतली, नाकाकडची कडा जिथे येते तो आकडा वाचा. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. मोठ्यांचे डोळे मिटणं-उघडणं हा पोरखेळ वाटेल, पण तो गाळला तर तुम्ही तिरके बघता आणि आकडा दोन-तीन मिलिमीटरने चुकतो. मुलाचा आकडा हेडसेटच्या सर्वांत आतल्या जागेपेक्षा तीन-चार मिलिमीटरने कमी असेल, तर तो हेडसेट त्या मुलासाठी नाही. वर्षाने पुन्हा मोजा, मुलं वाढतात.

मुलीच्या तपासणीत दुसरी गोष्ट निघाली, आणि आईला खरा धक्का तिचाच बसला. तक्त्यावरची शेवटची ओळ मुलगी बिनचूक वाचत होती. शाळेत कधी तक्रार नव्हती. पण डोळ्यांत ड्रॉप्स घालून, स्नायू सैल करून तपासलं तेव्हा दोन्ही डोळ्यांना प्लस अडीचचा नंबर निघाला. लहान मुलांची नजर जुळवण्याची ताकद इतकी दांडगी असते की हा नंबर ती आतल्या जोरावर झाकून टाकतात. त्याची किंमत अशी की नजर जुळवायला जास्त जोर लावला की डोळे आपोआप आत वळू पाहतात. रोजच्या जगात तिचा मेंदू ते सावरून धरत होता. हेडसेटमध्ये तिला आधीच्या अडीचवर चित्र स्वच्छ ठेवण्याचा आणखी पाऊण जोर लावावा लागला, आणि त्याच वेळी दूरचे ढग-डोंगर बघण्यासाठी डोळे सरळ ठेवावे लागले. अडीच तासांनी सावरण्याची ताकद संपली. आकाशकंदील दोन दिसले ते त्यामुळे.

म्हणून हेडसेटने तिला आजार दिला असं मला म्हणता येत नाही. आधीपासून असलेला, झाकलेला दोष त्याने उघडा केला. घरात हेडसेट असेल तर त्याचा हा एक उपयोग जरूर करून घ्या: पाच मिनिटांतच डोकं दुखलं, एक डोळा मिटून खेळावंसं वाटलं, किंवा बाकीच्यांना उठावदार दिसतं ते आपल्याला सपाट दिसतं असं मूल म्हणालं, तर खेळ बंद करून डोळे तपासून घ्या, आणि ड्रॉप्स घालून तपासा असा आग्रह धरा. सपाट दिसणं ही आळशी डोळ्याची किंवा बारीक तिरळेपणाची खूण असू शकते, आणि आळशी डोळ्याचा उपचार जितका लवकर तितका चांगला.

उलट एक फसवी खात्रीही सांगते. मुलाला मायनस पाऊणपर्यंतचा नंबर असेल तर त्याला फळा धूसर दिसतो, पण हेडसेटमधलं चित्र लख्ख दिसतं, कारण ते सव्वा मीटरवरच आहे. "त्यात तर सगळं स्वच्छ दिसतं त्याला" या वाक्यावर विसंबू नका. चष्मा असलेल्या मुलाने हेडसेटमध्येही चष्मा घालावा, आणि काचा हेडसेटच्या भिंगाला घासणार नाहीत अशी जागा ठेवणारी पट्टी बसवून घ्यावी.

आता जिन्याच्या पायरीकडे येऊ, कारण डोळ्यांपेक्षा तोल मला जास्त काळजीचा वाटतो.

उभं राहायला आपल्याला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि पावलं-सांधे. १९७४मध्ये डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन यांनी एक खोली बनवली, जिच्या भिंती टांगलेल्या होत्या आणि जमीन पक्की होती. नुकतीच उभी राहायला शिकलेली मुलं त्यात उभी केली आणि भिंत थोडी हलवली. मुलं डोलली, काही चक्क खाली बसली. जमीन तसूभरही हलली नव्हती. डोळ्यांनी सांगितलं की आपण पुढे चाललोय, आणि शरीराने त्यावर विश्वास ठेवला. वय वाढतं तसा कान आणि पावलांवरचा भरवसा वाढतो, पण तिन्ही खबरांचा मोठ्यांसारखा मेळ बसायला साधारण दहा-बारा वर्षं लागतात. त्याआधी मुलाचा तोल डोळ्यांवर जास्त टेकलेला असतो, आणि हेडसेट नेमके तेच डोळे ताब्यात घेतो.

ज्या मुलांना घाटात गाडी लागते त्यांच्या आयांना हे पटकन समजतं. गाडीत मूल पुस्तकात बघत असतं, डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत आणि कान म्हणतो वळणं चालू आहेत. रोलर कोस्टरच्या खेळात उलटं होतं, डोळे म्हणतात आपण खोल दरीत कोसळतोय आणि कान म्हणतो आपण सोफ्यावर बसलोय. मळमळ तीच. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला उडण्याचे, धावण्याचे खेळ देऊच नका. मूल खरोखर जितकी पावलं टाकतं तितकंच खेळातलं जग सरकणारे खेळही असतात, उदाहरणार्थ एका जागी उभं राहून तालावर ठोकळे कापण्याचा बीट सेबर. त्यात डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. खेळांच्या दुकानात प्रत्येक खेळापुढे तो किती सोसेल याची खूण असते: Comfortable, Moderate, Intense. लहानांसाठी पहिलीच खूण बघा. हातातल्या काठीने पुढे-मागे सरकवणारे खेळ टाळा; एका जागेवरून उडी मारून दुसऱ्या जागी पोचवणारे त्यातल्या त्यात बरे.

मुलांवर प्रत्यक्ष अभ्यास झाले आहेत का, तर झाले आहेत, आणि ते दोन टोकांची गोष्ट सांगतात. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉन-विल्यम्स आणि फैसल मुश्ताक यांच्या गटाने २०१७मध्ये ८ ते १२ वयाच्या २० मुलांना २० मिनिटं व्हीआर खेळ दिला. नजरेत मोठा बिघाड कुणालाच झाला नाही, पण एक-दोघांची अंतर ओळखण्याची क्षमता तात्पुरती घटली आणि एका मुलाचा तोल हेडसेट काढल्याबरोबर फार बिघडला. तो थोड्या वेळात सावरला. पुढे अमेरिकेत सेंट लुईसच्या लॉरेन्स टायक्सन यांनी ४ ते १० वयाच्या ५० मुलांना उडण्याचा खेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्यांत खेळवला आणि आधी-नंतर नजर, डोळ्यांची जुळणी, तोल सगळं मोजलं. ५० पैकी ४७ मुलांनी दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या, तिघांनी त्रास होतो म्हणून थांबवलं, आणि मोजमापांत लक्षणीय बिघाड दिसला नाही. २०२०च्या या अभ्यासाने माझीही धाकधूक कमी झाली.

पण दोन्ही अभ्यासांतली मिनिटं बघा. वीस, आणि दोनदा तीस. शिवाय हेडसेट डॉक्टरांनी लावलेला, मोठी माणसं शेजारी, त्रास झाला तर लगेच थांबायची मुभा. अडीच तासांचा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही, आणि वर्षानुवर्षं रोज खेळल्याचा तर नाहीच. फ्रान्सच्या अन्न, पर्यावरण आणि आरोग्य सुरक्षा संस्थेने २०२१मध्ये तेरा वर्षांखालच्या मुलांनी व्हीआर टाळावं अशी शिफारस केली. झोपेवर होणारा परिणाम हाही त्यातला एक मुद्दा होता. कंपन्यांचे आकडे मात्र वेगळ्या नजरेने वाचा. मेटाने आपली मर्यादा २०२३मध्ये १३वरून १०वर आणली, पालकांच्या ताब्यातल्या खात्यासह. सोनी १२ सांगते, अ‍ॅपल १३. तेरा हा आकडा अमेरिकेत मुलांची माहिती गोळा करण्याच्या कायद्यातूनही येतो. तेरावा वाढदिवस झाला की डोळे तयार झाले, असा त्याचा अर्थ नाही.

मी घरच्यांना जे सांगते ते असं. सात वर्षांखाली हेडसेट नको. सात ते दहा या वयात कधीतरी, मोजलेलं अंतर बसत असेल तर, बसून, दहा मिनिटं. दहा ते बारा वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं, मग हेडसेट काढून निदान तेवढाच वेळ खिडकीबाहेर, गच्चीवर, लांबचं बघणं, आणि हवी तर आणखी एक फेरी. तेराच्या पुढे अर्ध्या तासाच्या फेऱ्या. ही मिनिटं माझ्या मनची नाहीत, अभ्यास जिथपर्यंत गेले तिथपर्यंतच मी जाते. रात्री जेवणानंतर कुणालाच नको. गजर मोबाइलवर लावा, कारण हेडसेटच्या आत वेळ कळत नाही, आणि पाचशे ग्रॅमच्या आसपासचं ते वजन लहान मानेवर असतं हेही विसरू नका.

खेळण्याआधी आणि नंतर तोल बघायची एक सोपी रीत आहे. मुलाला अनवाणी एका पायावर उभं करा, हात छातीवर, आणि पाय टेकेपर्यंत मोठ्याने आकडे मोजा. मग फरशीच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालवा. आधी वीसपर्यंत टिकणारं मूल नंतर आठवर पाय टेकत असेल, किंवा रेघेवरून दोनदा उतरत असेल, तर ते अजून हेडसेटच्या जगातून परतलेलं नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बहुतेक मुलं तोवर पहिल्यासारखी होतात. काहींना तास लागतो. तो तास महत्त्वाचा आहे: जिना हात धरून, सायकल नाही, रस्ता ओलांडणं नाही, पोहणं नाही. आमच्या मुलीने हाच तास जिन्यावर घालवला.

मळमळ मुलं तोंडाने सांगत नाहीत, खेळ काढून घेतील या भीतीने. बडबडं मूल अचानक गप्प होणं, एकामागून एक जांभया, ओठांभोवती फिकेपणा, कपाळावर गार घाम, सारखं थुंकी गिळणं यातलं काहीही दिसलं की त्याच क्षणी हेडसेट काढा. थोडं सोसलं की सवय होते, असं मोठी मुलं धाकट्यांना सांगतात. त्या दिवसापुरतं तरी ते खरं नाही. सोसलं तर मळमळ रात्रीपर्यंत टिकते. दुसऱ्या दिवशी कमी वेळाने सुरुवात करावी.

खेळताना भोवती दोन हात मोकळी जागा, जमिनीवर एक लहान सतरंजी पसरलेली, अनवाणी पाय. पावलाला सतरंजीची कडा लागली की मुलाला कळतं आपण जागेवरून सरकलो. ही युक्ती मला एका बाबांनी सांगितली आणि ती हेडसेटमधल्या आखलेल्या सीमेपेक्षा भरवशाची आहे. मॉलमधल्या खेळघरात मात्र यातलं काहीच आपल्या हातात नसतं. तिथे भिंगांचं अंतर कुणी बदलत नाही आणि एकच हेडसेट दिवसभर चेहऱ्यांवर फिरतो. २०२३च्या पावसाळ्यात पुण्याजवळ आळंदीपासून डोळे येण्याची साथ पसरली, तेव्हा आम्ही टॉवेलसुद्धा वेगळे ठेवायला सांगत होतो. स्पंज पुसलेला नसेल तर मुलाला तो लावू नका. फिट येण्याचा इतिहास असलेल्या मुलाला आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कुठलाच हेडसेट नको, लखलखणाऱ्या दिव्यांनी फिट येऊ शकते.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. हेडसेटची भीती घेऊन येणारे बरेच पालक मुलाच्या हातात मोबाइल देऊन बाहेर बाकावर बसतात, आणि तासन्‌तास खेळण्याच्या नुकसानीचा पुरावा मोबाइलबद्दल जास्त ठोस आहे. दक्षिण कोरियात ७ ते १६ वयाच्या १२ मुलांना अचानक डोळा आत वळण्याचा तिरळेपणा झाला. ही मुलं निदान चार महिने रोज चार तासांहून जास्त मोबाइल जवळ धरून वापरत होती. मोबाइल थांबवल्यावर सगळ्यांचा तिरळेपणा कमी झाला, तरी सगळ्यांचा पूर्ण गेला नाही. २०१६मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि तशी मुलं आता मलाही दिसतात. तीन तास मोबाइलवर खेळून झाल्यावर थकलेल्या डोळ्यांवर हेडसेट चढवणं, यापेक्षा वाईट क्रम नाही. तसंच मायनस नंबरचं. घराबाहेरचा उजेड तो रोखायला मदत करतो, हे चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत दिसलं: पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा जादा मैदानी तास दिला, तर तीन वर्षांत शंभरातल्या सुमारे तीस मुलांना मायनस नंबर लागला, जादा तास नसलेल्यांत सुमारे चाळीसांना. हेडसेट खोलीत खेळायचा असतो. त्याचा खरा हिशोब त्याने मैदानाची किती मिनिटं खाल्ली इथे करावा लागतो.

आता केव्हा धावायचं ते. हेडसेट काढल्यावर अर्धा-पाऊण तास डोकं जड असणं, डोळे चोळणं, थोडं डुलणं, याला घाबरू नका. पण झोपून उठल्यावरही दोन दिसत असेल, एक डोळा आत वळलेला फोटोत दिसत असेल, उन्हात एक डोळा मिटला जात असेल, तर आठवड्याच्या आत डोळे दाखवा. अचानक तिरळेपणा आला आणि त्याच्या जोडीला सकाळच्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा चालताना झोकांड्या असतील, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. हेडसेटमुळे असेल म्हणून थांबू नका. मेंदूतला दाब वाढला तरी हीच लक्षणं येतात, आणि एखाद्या घरात हेडसेट नेमका त्याच महिन्यात आलेला असू शकतो.

त्या मुलीला आम्ही चष्मा दिला. पहिले दहा दिवस ती तो शाळेच्या दप्तरात लपवत होती, मग संध्याकाळी अभ्यासाला बसल्यावर डोकं दुखत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने स्वतःच घालायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा डोळ्यांची आत वळण्याची ओढ बरीच कमी झाली होती. हेडसेटची भिंगं मामाने व्हिडिओ कॉलवर दाखवून सर्वांत आतल्या जागी, ५८वर आणली. तिचे डोळे ५३चे, तेव्हा अजून पाच मिलिमीटरचा फरक राहतो. म्हणून तो सध्या कपाटात आहे. भिंगांतून येणाऱ्या उन्हाने पडदा जळू नये म्हणून खिडकीपासून लांब, कापडात गुंडाळून. दर वाढदिवसाला आई पट्टी घेऊन तिच्यासमोर बसणार आहे.